आयईएलटीएस लिसनिंग: डोळे मिटून ऐकण्याच्या सल्ल्याला उत्तर

‘आयईएलटीएसच्या लिसनिंगला प्रश्न आधी वाचत बसू नका, गोंधळ होतो. डोळे मिटून पूर्ण लक्ष देऊन ऐका. रेकॉर्डिंग एकदाच लागतं, म्हणून प्रत्येक शब्द पकडा. चुका नंतर दुरुस्त करता येतात, शेवटी दहा मिनिटं मिळतातच.’

परीक्षेला बसणाऱ्यांना हा सल्ला फिरत फिरत पोचतो आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य गुण घालवणारं आहे.

सुरुवात वाचनापासून करू. पहिल्या भागात बहुधा एखादा फॉर्म असतो. समजा, सायकली भाड्याने घेण्याचा आहे. छापलेलं असतं: ‘भाडं सुरू: ___ जून’, ‘अनामत: £___’, ‘स्वतः आणायचं: ___’. रेकॉर्डिंगआधी वाचायला साधारण अर्धा मिनिट मिळतं. तेवढ्यात प्रत्येक जागेशेजारी पेन्सिलीने एवढंच टिपायचं: तारीख, रक्कम, वस्तू. आता संभाषण ऐका. ग्राहक म्हणतो, चौदा तारखेपासून हव्यात. मग त्याला आठवतं की बोट रात्री उशिरा पोचते, तेव्हा पंधरा करा. दुकानदार म्हणतो, अनामत सायकलमागे चाळीस पौंड, म्हणजे गेल्या वर्षी होती, आता पन्नास. कुलूप आणि पंप आम्ही देतो, हेल्मेट मात्र तुमची तुम्ही आणा.

फॉर्म न वाचता डोळे मिटून ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन तारखा, दोन रकमा आणि तीन वस्तू जमा होतात. त्यातलं काय हवं होतं हे त्याला रेकॉर्डिंग पुढे गेल्यावर कळतं. ज्याने ‘स्वतः आणायचं’ हे वाचलं होतं, तो कुलूप आणि पंप सोडून देतो. तारीख ऐकताच लिहावी, पण पुढच्या प्रश्नाचा विषय निघेपर्यंत ती पक्की धरू नये. आधी एक सांगून मग बदलणं या परीक्षेत वारंवार येतं.

गोंधळाची तक्रार करणाऱ्यांची अडचण खरी आहे, पण तिचं कारण वेगळं आहे. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावरही ते पुढचे प्रश्न वाचत राहतात, किंवा बहुपर्यायी प्रश्नांचे सगळे पर्याय शब्दन् शब्द वाचू पाहतात. तिथे मूळ प्रश्न नीट वाचावा आणि पर्यायांत फरक करणारा एकेक शब्द अधोरेखित करावा. चौथ्या भागातल्या व्याख्यानात मध्ये थांबा नसतो, दहाही प्रश्न एकदमच पाहून घ्यावे लागतात. त्यामुळे तिसरा भाग संपल्यावर तपासण्यासाठी मिळणारा वेळ मी तरी चौथ्या भागाचे प्रश्न वाचायलाच वापरायला सांगते.

प्रत्येक शब्द पकडायच्या नादात सगळ्यात मोठं नुकसान होतं. एक उत्तर निसटतं, विद्यार्थी त्यातच अडकतो आणि पुढची तीन हातची जातात. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानेच येतात, म्हणून नजर नेहमी दोन प्रश्नांवर हवी: चालू आणि पुढचा. पुढच्याचा विषय कानावर आला की मागचं निसटलं असं समजायचं, जागा कोरी सोडायची आणि पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे ती जागा शेवटी अंदाजाने भरता येते.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. ती कागदावरच्या परीक्षेत मिळतात, तीही उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवण्यासाठी. संगणकावर फक्त दोन मिनिटं असतात. आणि दोन्हीकडे जे ऐकलंच नाही ते परत ऐकायला मिळत नाही. या वेळात दुरुस्त होतात त्या लिहिण्याच्या चुका. ‘हेल्मेट्स’मधला शेवटचा ‘एस’ आपल्याकडून हमखास सुटतो, कारण मराठीत आपण ‘दोन पेन’, ‘तीन हेल्मेट’ सहज म्हणतो, त्या ‘एस’ची कानाला सवय नसते. अनेकवचन हवं तिथे एकवचन लिहिलं की गुण गेला. स्पेलिंग चुकलं तरी गेला. सूचना ‘वन वर्ड ओन्ली’ असेल आणि गार्डनच्या आधी तुम्ही ‘द’ लिहिलंत, तर दोन शब्द झाले आणि उत्तर चूक ठरलं. म्हणून शब्दमर्यादेची सूचना प्रश्नांच्याही आधी वाचून तिच्याभोवती गोल करायचा. फॉर्मवरचं वाक्य रिकाम्या जागेसकट मनात म्हणून पाहिलं की एकवचन-अनेकवचन बहुतेक वेळा आपोआप कळतं.

कागदावर उतरवताना आणखी एक चूक होते. तेविसावं कोरं राहिलेलं असतं आणि चोविसाव्याचं उत्तर त्याच्या ओळीत जातं. मग पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकतात. उतरवताना दर पाच उत्तरांनी प्रश्नाचा क्रमांक बोट ठेवून जुळवा.