केशराचं दूध, गोरं बाळ आणि लगेच सुटणारा रंग

केशराबद्दल असा एक निरोप फिरतो: "गरोदर बायकांनी तिसऱ्या महिन्यापासून रोज केशर घातलेलं दूध प्यावं, बाळ गोरंपान होतं. नैसर्गिक आहे, कितीही घेतलं तरी अपाय नाही. आणि केशर अस्सल आहे की नाही ते लगेच कळतं: दुधात टाकताक्षणी लालकेशरी रंग सुटला की समजा एक नंबर!"

पहिलं वाक्य सर्वांत जास्त फिरतं आणि खोडायला सर्वांत सोपं आहे. त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर ठरतो. ते किती आणि कोणत्या प्रकारचं तयार होणार, हे आईवडील दोघांकडून आलेली अनेक जनुकं मिळून ठरवतात, आणि ती जनुकं गर्भ राहतो तेव्हाच ठरलेली असतात. तिसऱ्या महिन्यात काय प्यायलं याने त्यांत फरक पडत नाही. केशराचा रंग क्रोसिन या द्रव्याचा. आईच्या आतड्यात त्याचं रूपांतर क्रोसेटिनमध्ये होतं, त्यातलं थोडंसं रक्तात शोषलं जातं आणि शरीर त्याची विल्हेवाट लावतं. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींना कमी काम करायला लावणारं त्यात काही नाही.

तरीही "आमच्याकडे तर झालं" असं सांगणाऱ्या भेटतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. नवजात बाळाच्या अंगावर मेलॅनिन पुरतं आलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत बरीच बाळं उजळ किंवा गुलाबी दिसतात आणि रंग पुढच्या काही महिन्यांत स्थिरावतो. बारशाला आलेली मावशी बाळ पाहून श्रेय केशराला देते. वर्षभराने कोणी हिशेब तपासायला येत नाही. मला या समजुतीचा खरा राग येतो तो वेगळ्या कारणाने: बाळ सावळं झालं की "दूध नीट घेतलं नाहीस का गं?" हा प्रश्न त्या बाईलाच विचारला जातो. बाळाच्या रंगाची जबाबदारी तिच्या पेल्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

"कितीही घ्या" हे वाक्य मात्र धोक्याचं आहे, म्हणून जरा मापात बोलू. एक ग्रॅम केशरासाठी साधारण दीडशे फुलं लागतात आणि एका फुलात तीन काड्या असतात. म्हणजे ग्रॅममध्ये सुमारे साडेचारशे काड्या, एक काडी जेमतेम दोन मिलिग्रॅम. दुधात तीनचार काड्या टाकल्या तर पोटात दहा मिलिग्रॅमही जात नाही. स्वयंपाकातलं हे प्रमाण आहे आणि चवीसाठी ते घ्यायला एरवी हरकत नसते. पण इराणमध्ये दिवस भरलेल्या स्त्रियांवर, गर्भाशयाचं मुख प्रसूतीसाठी तयार व्हावं म्हणून, २५० मिलिग्रॅम केशराच्या गोळ्यांचा अभ्यास झालेला आहे. म्हणजे सव्वाशेच्या आसपास काड्या. जे द्रव्य त्या मात्रेत प्रसूतीच्या हेतूने तपासलं जातं, ते चौथ्या महिन्यात "जितकं जास्त तितकं चांगलं" म्हणून घ्यायचं नसतं. पाच ग्रॅमच्या पुढे तर ते कोणाही माणसाला विषारी ठरू शकतं. केशराच्या कॅप्सूल किंवा अर्क घ्यायचा असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

मन प्रसन्न राहतं, झोप लागते असंही सांगितलं जातं. नैराश्यावर रोज ३० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल देऊन काही लहान अभ्यास झाले आहेत आणि त्यांत थोडा फायदा दिसला. पण ते बहुतांशी गरोदर नसलेल्या लोकांवर झाले आणि ती मात्रा तीन काड्यांच्या कित्येक पट आहे.

आता तिसरा मुद्दा. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे निरोपात सांगितलेली खूण अस्सल केशराची नसून नकली केशराची आहे.

माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात कोणीतरी केशराची डबी भेट दिली. दूध क्षणात लालसर झालं म्हणून घरात सगळे खूश. मी पांढऱ्या वाटीत साधं, कोमट नसलेलं पाणी घेतलं आणि चार काड्या न चुरता टाकल्या. दहा सेकंदांत काड्यांभोवती लाल ढग तयार झाला. पाच मिनिटांनी काड्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या पडल्या, आणि सरळ, एकसारख्या जाडीच्या दिसायला लागल्या. मक्याच्या कणसाचे रंगवलेले केसर, बहुधा.

अस्सल काडी असं वागत नाही. तिच्यातून पिवळ्या रेषा हळूहळू उतरतात, पाणी दहापंधरा मिनिटांत सोनेरी पिवळं होतं, आणि काडी तासाभरानंतरही लालच राहते. भिजली की ती एका टोकाला पसरते, तुतारीसारखी, आणि त्या टोकाची कड कातरलेली असते. वास मधासारखा आणि वाळलेल्या गवतासारखा, चव कडवट. गोड लागली तर साखरेच्या पाकाने वजन वाढवलेलं आहे. कागदावर दाबल्यावर तेलकट डाग पडला तर तेल लावलेलं आहे. (चाखून पाहायचं काम गरोदर बाईने नको, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावं.)

परीक्षा दुधात न करता पाण्यात करायची ती यासाठी की पांढऱ्या, दाट दुधात काडी पांढरी पडलेली दिसत नाही. शिवाय गरम दुधात अस्सल केशरही लवकर रंग सोडतं, खलात कुटलेलं तर आणखी लवकर. त्यामुळे गार पाणी आणि अख्खी काडी, एवढं पाळलं तरच खूण उपयोगी.

तरी या खुणेलाही मर्यादा आहेत. करडईच्या पाकळ्या ओळखणं सोपं, त्या भिजल्यावर फुलासारख्या उघडतात. खरी अडचण येते ती आधीच रंग काढून घेतलेल्या केशराने. त्याला पुन्हा रंगवलेलं असतं, आकार अगदी खरा असतो. फक्त रंग घाईने सुटतो आणि काडी फिकट पडते, तेवढ्यावरच संशय घ्यावा लागतो. टार्ट्राझिनसारखा पिवळा कृत्रिम रंग वापरला तर पाणीही पिवळंच दिसतं, म्हणून नजर पाण्याच्या रंगापेक्षा काडीवर ठेवावी. केशराची पूड घरी ओळखताच येत नाही. ती घेऊच नये. खात्री हवी तर प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफीनेच कृत्रिम रंग वेगळे काढून दिसतात.

गरोदरपणात दुधाबरोबर नेमका कोणता रंग पोटात जातोय हेच माहीत नसणं, हा या सगळ्यातला टाळता येणारा धोका आहे. एका ग्रॅमला काहीशे रुपये मोजावे लागतात. त्यामुळे फारच स्वस्त केशर दिसलं, तर ते का स्वस्त आहे हे आधी विचारा. पाकीट सीलबंद घ्या, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेलं घ्या. काड्या पाण्यात नापास झाल्या तर उरलेलं केशर पाकिटासह ठेवून अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. फक्त आपला तसा विचार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. नमुना कायद्यात न बसणारा निघाला तर ते शुल्क परत मिळतं.