दहापट हळू केलेल्या ध्वनिफितीत वटवाघूळ असतेच असे नाही

“केळीच्या बागेत संध्याकाळी मोबाइल रेकॉर्डिंगला लावा आणि ते दहापट हळू करून ऐका. वटवाघळांच्या हाका आणि मधमाशीच्या पंखांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. कोणतेही अ‍ॅप चालते.” असा सल्ला ध्वनिफितींसोबत फिरत असतो.

पहिली अडचण रेकॉर्डिंगच्या क्षणीच येते. साधा मोबाइल सेकंदाला बहुधा 48,000 नमुने घेतो आणि अशा रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे 24 किलोहर्ट्झपर्यंतचेच सूर उतरतात. खांबावरच्या दिव्याभोवती किडे टिपणाऱ्या लहान वटवाघळांच्या हाका साधारण 45 किलोहर्ट्झच्या आसपास असतात. काही मोजक्या जाती याहून बऱ्याच खालच्या सुरात हाक देतात, पण बाकीच्यांची हाक फाइलमध्ये आलेलीच नसते आणि जे आलेच नाही ते हळू करून हाती लागत नाही.

मग त्या फिरणाऱ्या ध्वनिफितींत ऐकू येते ते काय? माझ्या मते बहुतेकदा तो रातकिडा असतो. रातकिड्याचा 5 किलोहर्ट्झचा सूर दहापट हळू केला की 500 हर्ट्झवर येतो आणि एखाद्या पक्ष्याच्या शिळेसारखा भासतो. ओळखण्याची खूण अशी की रातकिड्याचा सूर एकाच उंचीवर टिकतो, तर या वटवाघळांची हाक वरून खाली झपकन घसरते आणि भक्ष्य जवळ येताच हाकांमधले अंतर भराभर कमी होत जाते.

मधमाशीच्या बाबतीत तर हिशेबच उलटा आहे. तिचे पंख सेकंदाला सुमारे 230 वेळा हलतात आणि तो गुणगुणाट कानाला आधीच ऐकू येतो. दहापट हळू केल्यास तो 23 हर्ट्झवर, म्हणजे ऐकू येण्याच्या अगदी कडेला जातो आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तर येतच नाही.

कोणतेही अ‍ॅप चालते, हेही खरे नाही. अनेक अ‍ॅप वेग कमी करताना सुराची उंची मुद्दाम जपतात, कारण ती माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असतात. Audacity मध्ये Change Tempo हेच करते. आपल्याला हवे ते Change Speed and Pitch, आणि त्यात गुणक 0.1.

हे काम नीट करायचे तर अल्ट्रासोनिक मायक्रोफोन लागतो, जो मोबाइलला जोडता येतो. यावलच्या एखाद्या बागेच्या बांधावर सेकंदाला 384,000 नमुने घेऊन, MP3 न करता WAV मध्ये रेकॉर्डिंग केले आहे असे धरू. त्याचा वेग दहापट कमी केला की 45 किलोहर्ट्झची हाक 4.5 किलोहर्ट्झवर येते, 5 मिलिसेकंदांची हाक 50 मिलिसेकंदांची होते आणि दोन हाकांमधले सेकंदाच्या दहाव्या भागाचे अंतर पूर्ण एक सेकंद होते. एका मिनिटाची सोळा बिटची एकमार्गी फाइल 46 एमबीची होते. म्हणून “वटवाघळाची हाक” म्हणून आलेली ध्वनिफीत पुढे पाठवण्याआधी मूळ फाइलचा सॅम्पल रेट विचारावा. तो 48,000 निघाला, तर 45 किलोहर्ट्झची हाक त्या फाइलमध्ये असणे शक्य नाही.