गाडी विकली, पण संचित घसारा वहीतच राहिला

“जुनी गाडी तोट्यात विकली तर फार डोकं लावू नका. मिळालेली रक्कम वाहन खात्याला जमा करा, खात्यात जे उरेल तो तोटा. संचित घसारा मागच्या वर्षांचा आहे, त्याला हात लावायचा नाही. आणि विकलेल्या गाडीवर चालू वर्षाचा घसारा काढायची गरजच नाही.”

हा सल्ला सगळ्यांनाच चुकीचा नाही, म्हणून तर तो इतका फिरतो. घसारा दरवर्षी थेट वाहन खात्यालाच जमा होत असेल, तर त्या खात्यात फक्त पुस्तकी किंमत उरलेली असते. तिथे विक्रीची रक्कम जमा केली की राहिलेली शिल्लक खरोखरच तोटा असतो, अर्थात विक्रीपर्यंतचा घसारा आधी टाकलेला असेल तर. पण संचित घसाऱ्याचे खाते वेगळे असेल तर वाहन खात्यात पहिल्या दिवसाची मूळ किंमत जशीच्या तशी पडून असते, आणि सल्ल्यात ‘संचित घसारा’ हे नाव आले म्हणजे गोष्ट याच पद्धतीची चालली आहे.

एक गाडी घेऊ. मूळ किंमत ८,००,०००, आयुष्य ६ वर्षे, अखेरीस अपेक्षित किंमत ८०,०००. सरळ रेषा पद्धतीने वर्षाचा घसारा १,२०,०००. चार वर्षे पूर्ण झाली, संचित घसारा ४,८०,०००. पाचव्या वर्षाचे तीन महिने संपताच गाडी २,५०,००० ला विकली आणि पैसे बँकेत आले.

वरच्या सल्ल्याने वाहन खात्यात ५,५०,००० उरतात आणि तेवढा तोटा दिसतो. यातले ४,८०,००० गेल्या चार वर्षांत घसारा म्हणून नफ्यातून आधीच वजा झालेले आहेत. म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा लागला. शिवाय संचित घसाऱ्याची ४,८०,००० ची जमा शिल्लक मागे राहते, जिच्यासमोर आता कुठलीही गाडी नाही. ताळेबंदात ती उरलेल्या गाड्यांच्या किमतीतून वजा होत राहते. गाडी एकच असेल तर वाहनांची किंमत उणे दिसते आणि चूक लगेच सापडते. पाच-सहा गाड्या असतील तर वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही. तेरीज जुळते, कारण नावे आणि जमा दोन्ही बाजू सारख्याच आहेत.

संचित घसारा मागच्या वर्षांत तयार झाला हे खरे, पण तो त्या गाडीच्या मूळ किमतीची वजा बाजू आहे. मूळ किंमत वहीतून गेली की तोही तिच्याबरोबर जायला हवा.

चालू वर्षाच्या घसाऱ्याचे म्हणणे थोडे कमी घातक आहे. तीन महिन्यांचे ३०,००० टाकले नाहीत तर तोटा ४०,००० ऐवजी ७०,००० दिसतो. वर्षाचा निव्वळ नफा तोच राहतो. मात्र गाडी वापरल्याचा खर्च विक्रीच्या तोट्यात मिसळतो आणि विक्री आहे त्यापेक्षा वाईट झाल्यासारखी वाटते. विक्रीपूर्वीच गाडी ‘विक्रीसाठी ठेवलेली मालमत्ता’ म्हणून रीतसर वर्गीकृत झाली असेल, तर त्या तारखेपासून घसारा थांबतो. इतर वेळी तो विक्रीच्या तारखेपर्यंत काढायचा.

तेव्हा आधी ही नोंद:

घसारा खर्च खाते नावे ३०,०००
संचित घसारा खाते जमा ३०,०००

आता संचित घसारा ५,१०,००० आणि पुस्तकी किंमत २,९०,०००. मग विक्रीची नोंद:

बँक खाते नावे २,५०,०००
संचित घसारा खाते नावे ५,१०,०००
वाहन विक्रीवरील तोटा खाते नावे ४०,०००
वाहन खाते जमा ८,००,०००

काही जण हुशारी करून वाहन खात्याला फक्त २,९०,००० जमा करतात आणि संचित घसारा तसाच ठेवतात. तोटा बरोबर येतो, म्हणून ही चूक जास्त फसवी. वाहन खात्यात ५,१०,००० आणि संचित घसाऱ्यात तेवढेच, अशी भुताची गाडी उरते. पुढच्या वर्षी कुणी खात्यातल्या शिल्लक मूळ किमतीवर टक्केवारीने घसारा काढला की नसलेल्या गाडीवरही खर्च लागतो.

तपासायला मालमत्ता नोंदवही काढा आणि हयात गाड्यांच्या मूळ किमतीची व संचित घसाऱ्याची बेरीज खात्यांशी ताडून बघा. फक्त संचित घसारा जास्त निघाला तर पहिली चूक, दोन्ही सारख्याच रकमेने जास्त निघाले तर दुसरी.

दुसरीची दुरुस्ती सोपी: संचित घसारा नावे, वाहन खाते जमा, ५,१०,०००. पहिली त्याच वर्षात सापडली तर आधी ३०,००० च्या घसाऱ्याची नोंद करा, मग संचित घसारा नावे आणि विक्रीवरील तोटा जमा, ५,१०,०००. तोटा ४०,००० वर येतो. वर्ष बंद होऊन गेले असेल तर मोठी रक्कम चालू वर्षाच्या नेहमीच्या नफ्यात मिसळू नका. Ind AS लेखामानके लागू असतील तर ती मागील काळातील चूक म्हणून आरंभीच्या शिलकांमधून दुरुस्त होते; जुनी AS मानके लागू असतील तर ती मागील काळातील बाब म्हणून नफा-तोटा पत्रकात वेगळी दाखवतात.