आठ दिवसांत गोळी बंद करण्याआधी

‘डिप्रेशनची गोळी खरंच सेरोटोनिन वाढवत असेल तर त्याच दिवशी बरं वाटायला हवं. तीन-चार आठवडे थांबा म्हणतात, म्हणजे गोळी काही करतच नाही, माणूस वेळेनेच बरा होतो. आठ दिवसांत फरक नसेल तर सरळ बंद करा.’

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर हे आलं, आणि दुसऱ्याच दिवशी नौपाड्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात एक ताई एसिटालोप्रामची पट्टी घेऊन आल्या. सहा गोळ्या संपलेल्या, चार उरलेल्या. “मळमळतंय, झोप उडालीय, मन आहे तसंच. परत घेता का?”

मळमळ होतेय ती बहुधा गोळी कामाला लागल्यामुळेच. सेरोटोनिन म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. मेंदूतल्या पेशी सोडलेलं सेरोटोनिन परत ओढून घेतात. ही ओढ गोळी काही तासांतच अडवते. आतड्यातही सेरोटोनिन भरपूर असतं, म्हणून पोट आधी बिघडतं. मेंदूत मात्र अडचण वेगळी. सोसायटीच्या टाकीत पाणी वर आलं की बॉलकॉक आवक बंद करतो, तसं सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवरही ते मोजणारे रिसेप्टर असतात. सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की ते पेशीचा वेगच कमी करतात. रोज गोळी चालू राहिली तर दोन-तीन आठवड्यांत हे रिसेप्टर बोथट होतात आणि पेशी पुन्हा पूर्ववत काम करू लागतात. त्यानंतर पेशींमधली जोडणी हळूहळू बदलते, असं मानलं जातं. उशिराचं हे सगळ्यात जास्त मांडलं जाणारं स्पष्टीकरण आहे, शेवटचा शब्द नव्हे. सेरोटोनिन कमी पडल्यामुळेच डिप्रेशन येतं, हेही सिद्ध झालेलं नाही.

वेळेने काही जण बरे होतात, हे खरंच. म्हणूनच अनेक चाचण्यांत काही लोकांना औषध नसलेली हुबेहूब गोळी देतात; वेळ दोन्ही गटांना सारखाच मिळतो. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा २१ही औषधं त्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने माफक होता, आणि प्रत्येकाला एकच औषध लागू पडत नाही.

त्या ताईंना मी पट्टी परत दिली आणि तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. गोळी सकाळी, जेवणानंतर घ्या, असं त्यांनी सांगितलं. मळमळ बहुतेकांची आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. योग्य डोसवर चार आठवडे होऊनही काहीच हललं नाही, तर डोस किंवा औषध बदलायचं असतं, तेही डॉक्टरांनी. मात्र सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी एकदम वाढली किंवा जीव द्यायचे विचार आले, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना, तर चार आठवडे काय, चार तासही थांबू नका. त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा.

तिसऱ्या आठवड्यात ताई पुढची पट्टी घ्यायला आल्या. मन अजून जडच होतं, पण झोप लागत होती, आणि आदल्या दिवशी त्यांनी बऱ्याच दिवसांनी स्वतःहून बहिणीला फोन केला होता.