दबका आवाज, सिमची पिन आणि माइकचे भोक

«फोनवर समोरच्याला आवाज दबका जात असेल तर माइक जळाला समजा. दुकानात पैसे घालू नका. सिमची पिन खालच्या बारीक भोकात घालून फिरवा, जोरात फुंका आणि दोन थेंब सॅनिटायझर सोडा. आवाज पहिल्यासारखा होतो.»

जळालेला माइक पिनेने कसा दुरुस्त होईल, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी वरच्या सल्ल्याचे पहिलेच वाक्य चुकीचे आहे. फोनमधला माइक म्हणजे जेमतेम 3-4 मिलिमीटर लांबीची एक डबी असते. तिच्यात केसापेक्षा कितीतरी पातळ असा सिलिकॉनचा पडदा असतो आणि त्याच्यासमोर काही मायक्रोमीटर अंतरावर बारीक छिद्रांची स्थिर पाटी असते. बोलण्याने हवेचा दाब कमी-जास्त झाला की पडदा हलतो, दोन्हींमधले अंतर बदलते, त्याबरोबर त्यांची विद्युत धारिता बदलते आणि शेजारची चिप त्या बदलाचा विद्युत संकेत बनवते. पडदा फुटला किंवा जोडणी सुटली तर आवाज बहुधा जातच नाही, नाहीतर खरखर ऐकू येते. आठवड्यागणिक हळूहळू दबत जाणारा आवाज मात्र पडद्यापर्यंतची वाट बुजत असल्याचे सांगतो.

ही वाट बाहेरच्या सुमारे 1 मिलिमीटरच्या भोकापासून सुरू होते आणि रबरी खोबणीतून, बारीक जाळीवरून डबीच्या छिद्रापर्यंत जाते. खिशातल्या कापडाचे तंतू, धूळ आणि घाम यांचा तिथे नमद्यासारखा घट्ट बोळा बसतो. सावकाश बदलणारा दाब त्या बोळ्यातून झिरपून आत पोचतो. सेकंदाला हजारो वेळा बदलणारा दाब मात्र आतली इवलीशी पोकळी भरण्याआधीच उलटलेला असतो. त्यामुळे आ, ओ यांसारखे स्वर बऱ्यापैकी जातात आणि स, श, च ही व्यंजने गळतात. ऐकणाऱ्याला आपण वाकळीखालून बोलतो आहोत असे वाटते ते यामुळेच.

परभणीच्या माझ्या दुकानात गेल्या हंगामात जिनिंगमध्ये काम करणारे एक काका आले. त्यांची तक्रार नेमकी होती: “मी साठ क्विंटल म्हणतो अन् व्यापाऱ्याला आठच ऐकू जातंय.” तेवढ्यावरून निम्मे निदान झाले, कारण ‘साठ’मधला ‘स’ गळला की ‘आठ’च उरतो. मी कव्हर काढून फोनच्या रेकॉर्डरमध्ये त्यांना “साठ, सात, शंभर” म्हणायला लावले आणि तेच शब्द मागच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ घेत पुन्हा रेकॉर्ड केले. अनेक फोनमध्ये रेकॉर्डर खालचा माइक वापरतो आणि व्हिडिओला कॅमेऱ्याजवळचा माइक लागतो. व्हिडिओत शब्द स्वच्छ होते, रेकॉर्डरमध्ये दबके होते, म्हणजे दोष खालच्या वाटेत होता. दोन्हीकडे आवाज स्वच्छ असता तर मी आधी नेटवर्कवर संशय घेतला असता.

कॉलमध्ये आणखी एक भानगड होते. गोंगाट कमी करण्यासाठी बरेच फोन खालच्या आणि वरच्या माइकची तुलना करतात. तोंडाजवळच्या माइकमध्ये जे मोठे येते तो बोलणाऱ्याचा आवाज आणि दोन्हींत सारखे येते तो गोंगाट, असा त्यांचा ढोबळ हिशेब असतो. खालचा माइक बुजला की हा फरक पुसला जातो आणि फोन आपलाच आवाज गोंगाट समजून कापू लागतो, म्हणून रेकॉर्डिंगपेक्षा कॉलमध्ये आवाज जास्त तुटतो.

आता पिनेविषयी. ती बोळा बाहेर काढत नाही, जाळीवर दाबून बसवते. भोक सरळ रेषेत असेल तर जाळी फाडून ती थेट पडद्यापर्यंत जाते आणि तोवर चांगला असलेला माइक खरोखरच मरतो. अशा फोनमध्ये पुष्कळदा चार्जिंगची अख्खी पट्टी बदलावी लागते, म्हणजे ज्या पैशांची बचत सांगितली तेच दुप्पट जातात. फुंकरीने तंतू आत सरकतात आणि थुंकीची वाफही त्यांना चिकटते. कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत तर पडदाच फोडू शकतो. सॅनिटायझर धुळीचा चिखल करून तो जाळीत मुरवतो. सुकल्यावर तो खरवडूनही निघत नाही.

काकांच्या फोनसाठी मी तो बंद केला, भोक खाली येईल असा धरला आणि कोरड्या, मऊ टूथब्रशचे केस भोकाच्या तोंडावरून आडवे फिरवले. नंतर सेलोटेपचा तुकडा हलकेच टेकवून उचलला, असे चार-पाच वेळा केले. तिसऱ्या वेळी टेपवर खसखशीच्या दाण्याएवढा करडा बोळा आला. टॉर्चच्या उजेडात आतली जाळी मोकळी दिसली; ती बुजलेलीच राहिली असती तर फोन उघडून जाळी बदलावी लागली असती. काकांनी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला आणि पलीकडून पहिल्याच खेपेला “साठ ना?” असे आले.