फिल्टर मारून विमा मिळत नसतो, काका

"पीक विम्याला जुना फोटो पण चालतो. व्हॉट्सअॅपवरून पाठवून परत सेव्ह करा, तारीख पुसली जाते. आपलं पीक चांगलं असेल तर शेजारच्या रानातला काढा, कोण बघायला येतंय. पानं हिरवी दिसत असतील तर फिल्टर मारून पिवळी करा, क्लेम शंभर टक्के पास."

हा मेसेज शिरोळकडच्या आमच्या काकांनी परवा मला पाठवला आणि खाली विचारलं, "खरं हाय का रं?" काका, 2024 ला तुमच्याच सोयाबीनचं काय झालं ते विसरलात का? मी दोन हंगाम सर्व्हेच्या टीमबरोबर क्लेमचे फोटो बघितलेत, म्हणून हे लिहितोय.

तारीख पुसली जाते हे अर्धं खरं आहे, मान्य. कॅमेऱ्यातून निघालेल्या फोटोच्या आत DateTimeOriginal आणि लोकेशन चालू असेल तर GPSLatitude असल्या नोंदी असतात, आणि व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की त्या उडतात. पण फाइलचं नाव IMG-20240728-WA0012.jpg असं होतं, म्हणजे फोटो फिरून आलाय हे बघणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळतं. नुसती नोंद नाही म्हणून कुणी खोटा ठरत नाही, भोळेपणानं पण लोक तसा पाठवतात. मग आम्ही पीक बघायचो. 18 जूनला पेरलेलं सोयाबीन 27 जुलैला 39 दिवसांचं असतं, नुकतं कुठं फुलायला लागलेलं. आणि फोटोत शेंगा भरून लोंबत्यात, पानं पिवळी पडून गळायला लागल्यात! राव, ते नुकसान नव्हे, ते मागल्या वर्षीचं काढणीला आलेलं पीक. तारीख पुसता येते, झाडाचं वय कसं पुसणार?

शेजारच्या रानाचं थोडक्यात सांगतो. लोकेशन गट नंबरच्या नकाशावर टाकून बघतात. मोबाईलचं जीपीएस उघड्या रानात पण पाच-दहा मीटर इकडंतिकडं दाखवतं, त्यामुळं पट्टी अरुंद असेल तर खऱ्या माणसाचा ठिपका पण शेजाऱ्यात पडू शकतो. म्हणून बांधावर उभं न राहता रानाच्या मधी जाऊन काढायचा, आणि एका फोटोत विहीर, डांब, घर असलं काहीतरी कायमचं येऊ द्यायचं.

आता फिल्टर. ह्यानं खऱ्या नुकसानीचा माणूस मरतो म्हणून जास्त राग. जुलै 2024 च्या पुरात काकांच्या एकरभर सोयाबीनमध्ये पाणी खरंच उभं होतं. पोरानं त्यांच्या फोटोला पिवळा फिल्टर मारला आणि अपलोड केला. त्यात पानं पिवळी, पाणी पिवळं, आभाळ पिवळं, आणि काकांचा पांढरा सदरा हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखा! सगळ्याच वस्तूंवर एकच रंग चढला की तो पिकाचा रोग नसतो.

काहीजण नुसती पानंच रंगवतात, ते पण उघडं पडतं, कारण रंग देठावर आणि मधल्या तणावर पण सांडलेला असतो. खरं पिवळं पडायला एक रीत असते. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या गाठींचं काम थांबतं, नत्र कमी पडतं आणि खालची जुनी पानं आधी फिकी होतात. लोह कमी पडलं तर उलटं, शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे चट्टे, आणि तशी झाडं रानात विखुरलेली. फिल्टरला ह्यातलं काय ठाऊक? तो शेंडा-बुडखा सगळं सारखंच रंगवतो. हां, ढगाळ हवेत किंवा मावळतीला मोबाईल स्वतःच रंग बदलतो हे खरं, म्हणून फ्रेममध्ये एक पांढरा कागद धरावा, त्यावरून खरा रंग लावता येतो.

"कोण बघायला येतंय" ह्याला तर योजनेच्या मार्गदर्शक सूचनाच उत्तर देतात. स्थानिक आपत्तीत शेतकऱ्यानं 72 तासांत कळवायचं, कंपनीनं 48 तासांत सर्व्हेअर नेमायचा आणि पुढच्या 10 दिवसांत पाहणी पुरी करायची. 2024 ला रक्कम फोटोवर नाही, त्या पाहणीवर ठरायची. वेळेत येत नाहीत ही तक्रार माझी पण आहे, पण त्यावर इलाज फिल्टर नव्हे. आणि 2025 च्या खरिपात तर राज्यानं हे वैयक्तिक कळवण्याचं कलमच काढून भरपाई पीक कापणी प्रयोगावर नेली, तरी मेसेज आपला फिरतोयच.

काकांचा क्लेम शंकेत अडकला तेव्हा सर्व्हेअरनं एकच विचारलं, "मूळ फोटो हाय का?" नशीब, पोरानं एडिट केलेला वेगळा सेव्ह केला होता, मूळ गॅलरीत तसाच होता, तारीख-लोकेशनसकट. रानात गुडघाभर गाळ आणि खालची पानं सडलेली त्यानं स्वतः बघितली, मग पंचनामा झाला. ह्या सगळ्यात तीन आठवडे गेले, आणि त्याच बांधाच्या पलीकडच्यानं साधा, वाकडातिकडा फोटो टाकला होता, त्याचं काम आधीच झालेलं.