पावतीची मागची बाजू

मुदत ठेवीच्या पावतीवर सुखाचा मजकूर पुढे ठळक अक्षरांत आणि दुःखाचा मजकूर मागे बारीक अक्षरांत छापण्याची प्रथा कोणी सुरू केली हे मला ठाऊक नाही, परंतु त्या व्यक्तीला माणसाच्या स्वभावाची पुरती ओळख होती, एवढे नक्की. परवा मी एक लाख रुपये तीन वर्षांसाठी 7 टक्के दराने ठेवले आणि पावती घरी आणून निवांत वाचायला बसलो. पुढच्या बाजूला मुदतपूर्तीची रक्कम 1,23,144 रुपये अशी छापलेली होती. माझ्या शाळकरी हिशेबाप्रमाणे दरसाल सात हजार, म्हणजे तीन वर्षांचे एकवीस हजार व्हायला हवे होते. वरचे 2,144 रुपये कुठून आले, या विचाराने मी काही काळ बँकेच्या उदारपणाने भारावून गेलो.

हा उदारपणा नसून चक्रवाढ आहे, हे पावतीवरच्या ‘तिमाही’ या शब्दाने सांगितले. दर तीन महिन्यांनी 1.75 टक्के व्याज मुद्दलात मिसळते आणि पुढच्या तिमाहीत त्या व्याजावरही व्याज चढते. असे बारा वेळा झाले की तेवीस हजारांचा आकडा गाठला जातो. हीच ठेव दरमहा किंवा दर तिमाहीला व्याज हातात देणारी असती, तर मुद्दलात काहीच मिसळले नसते. हेच 23,144 रुपये तीनने भागून कोणी ‘वार्षिक परतावा 7.71 टक्के’ अशी जाहिरात केली, तरी आकडा खोटा ठरत नाही; फक्त व्याजदर 7 टक्केच राहतो. शिवाय मुदतपूर्तीची रक्कम ही कर कापण्यापूर्वीची असते. टीडीएस लागू झाला, तर तो दरवर्षीच्या व्याजातून वजा होतो आणि शेवटी हाती येणारा आकडा पावतीवरच्या आकड्यापेक्षा कमी भरतो. तरीही पावतीवरचा आकडा तसाच ऐटीत उभा असतो.

इथवर वाचून मी पावती उलटी केली. मुदतीपूर्वी पैसे काढल्यास ‘ठेव प्रत्यक्ष जितका काळ राहिली त्या कालावधीसाठी ठेव ठेवतेवेळी लागू असलेला दर किंवा कराराचा दर, यांपैकी जो कमी असेल तो, उणे 1 टक्का’ असे एक वाक्य तेथे होते. त्याचा कर्ता, कर्म आणि क्रियापद एकमेकांना ओळखत नसावेत. पत्नी म्हणाली, “अहो, सोपं आहे. सातातून एक गेला, सहा राहिले.” ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिला वंशपरंपरागत म्हणायला हरकत नाही. मी बँकेतून दरपत्रक आणले. माझी ठेव बरोबर एका वर्षाने मोडली असे धरले, तर तीन वर्षांचा 7 टक्के दर हिशेबातून बाजूला पडतो. ठेव ठेवली त्या दिवशी एका वर्षाच्या ठेवीला 6.5 टक्के दर होता; त्यातून दंडाचा 1 टक्का वजा जाऊन 5.5 टक्के उरतात. म्हणजे वर्षाअखेर 1,05,614 रुपये मिळतील. पत्नीच्या हिशेबाने 1,06,136 मिळायला हवे होते, आणि ठेव 7 टक्क्यांनी चालू राहिली असती, तर त्या दिवशी 1,07,186 झाले असते. दंड एक टक्क्याचा असला, तरी घसरण दीड टक्क्याची आहे. उरलेला अर्धा टक्का दंड या नावाने कुठेही लिहिलेला नाही, कारण कागदोपत्री तो दंड नाहीच. म्हणून ठेव मोडण्यापूर्वी दंडाचा आकडा विचारून भागत नाही. ठेवीच्या तारखेचे दरपत्रक विचारावे लागते. मी ते विचारले, तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी त्यांची जन्मपत्रिका मागितली होती.

सर्वांत शेवटी स्वयंनूतनीकरणाची चौकट होती. ‘मुद्दल व व्याज’ या पर्यायापुढे आधीच खूण केलेली होती, अर्थात माझी नव्हे, यंत्राची. या खुणेचा अर्थ असा की मुदत संपलेल्या दिवशी मी गप्प राहिलो, तर ती माझी संमती समजून 1,23,144 रुपये पुन्हा तीन वर्षांसाठी गुंततील, आणि दर त्या दिवशीचा लागेल, मग तो 6 असो वा 5. नंतर कधी पैशांची गरज पडली, तर मागच्या पानावरचे तेच लांबलचक वाक्य नव्या तारखेपासून पुन्हा लागू होईल. खूण खोडली, तर वेगळी अडचण उभी राहते. मुदत संपल्यावर रक्कम कोणी मागितली नाही, तर 2021 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो.

तिसरी सूचना मात्र देता येते: मुदत संपताच सगळी रक्कम बचत खात्यात जमा करा. मी तीच लिहून दिली. गृहस्थ म्हणाले, “मग पावती बदलावी लागेल, साहेब.” नव्या पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम तीच होती आणि मागचे वाक्यही तेच होते, फक्त चौकटीतली खूण खालच्या ओळीवर सरकली होती. ती मी खिडकीसमोर उभा राहूनच तपासली. मागे रांग होती, आणि तिचे माझ्याविषयी जे मत झाले ते मला स्पष्ट ऐकू आले.